चांगला एसी मेकॅनिक तुमच्याकडे का येईल?

मार्च उजाडला की एसी दुरुस्तीच्या छोट्या कंपन्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मजकूर फिरायला लागतो : ‘एसी टेक्निशियन पाहिजे. अनुभवी. आकर्षक पगार. त्वरित संपर्क.’ चार दिवस फोन येतात. त्यातले बरेचसे हेल्परचे असतात, काही जण पगार विचारून फोन ठेवतात, आणि ज्याच्या हातात खरंच काम आहे असा माणूस त्यात क्वचितच सापडतो. मालक म्हणतो, पोरांना काम करायचंच नाही. मला हे निदान पटत नाही. ज्याला इन्व्हर्टर एसीचा पीसीबी वाचता येतो, ज्याने जोडलेल्या पाइपमधून वर्षभर गॅस गळत नाही, त्याला मार्चमध्ये कामाची जाहिरात वाचायची गरजच पडत नाही. त्याने कुठे जायचं ते आधीच ठरवलेलं असतं, आणि कुठे जायचं नाही हे तर त्याहून पक्कं ठरवलेलं असतं.

हे तो ठरवतो सुट्या भागांच्या दुकानात. शहरातला प्रत्येक मेकॅनिक कपॅसिटर, फॅन मोटर, तांब्याचा पाइप घ्यायला आठवड्यातून तीन-चार वेळा तिथे येतो. काउंटरवर नंबर येईपर्यंत गप्पा होतात. अमक्याकडे पगार सात तारखेला म्हणतात आणि वीसला देतात. तमक्याने आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतलं, सोडायला गेलो तर महिनाभर फिरवलं. त्या कंपनीत कॉल वाटणारा मालकाचा भाचा आहे, जवळचे कॉल त्याच्या माणसांना आणि नाशिक रोडचे आपल्याला. कंपनीचं नाव कामगारांमध्ये कसं आहे, ते या दुकानात ठरतं.

टिम ॲम्बलर आणि सायमन बॅरो या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी १९९६ मध्ये या नावलौकिकावर एक लेख लिहिला आणि त्याला ‘एम्प्लॉयर ब्रँड’ म्हटलं. ग्राहक जसा साबण निवडतो तसा माणूस नोकरी देणाराही निवडतो, आणि त्या निवडीत पैसा, कामाचे प्रत्यक्ष फायदे आणि मनाला मिळणारं समाधान असं तिन्ही असतं, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. मोठ्या कंपन्यांनी पुढे यावर चकचकीत चित्रफिती काढल्या. दहा-पंधरा माणसांच्या दुरुस्ती कंपनीला चित्रफितीची घाई नसते. तिला आधी काउंटरवर आपल्याबद्दल काय बोललं जातं ते कळायला हवं.

डोळ्यांसमोर एक नमुन्याची कंपनी आणू. नाशिकमध्ये आहे, आठ मेकॅनिक, तीन हेल्पर, फोनवर एक ताई, हिशेबाला एक जण आणि मालक. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, पंचवटी हा कामाचा पट्टा. गेल्या उन्हाळ्यात ऐन एप्रिलमध्ये तीन मेकॅनिक सोडून गेले. एक अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागला, एक आखाती देशात गेला आणि तिसऱ्याने स्वतःचं दुकान टाकलं. मालकाला आता तीन माणसं हवी आहेत.

जाहिरात लिहायच्या आधी त्याने दोन गोष्टी कराव्यात. सोडून गेलेल्या तिघांना फोन करावा. भांडायला नव्हे, परत बोलवायलाही नव्हे. एवढंच विचारावं : ‘दादा, मनापासून सांगा, आमच्याकडे काय खुपत होतं?’ गेलेला माणूस बऱ्याचदा खरं बोलतो, कारण त्याला आता काही गमवायचं नसतं. मग हेच सध्याच्या आठ जणांना विचारावं, पण स्वतः नाही. ज्याच्यासमोर ते मोकळे होतील अशा माणसाकरवी, उदाहरणार्थ ओळखीच्या एखाद्या निवृत्त आयटीआय निदेशकाकरवी. उत्तरं जवळपास ठरलेली असतात : पावसाळ्यात पगार कमी होतो, पेट्रोल परवडत नाही, ग्राहकाची तक्रार आली की चूक कोणाचीही असो पैसे आमचेच कापतात, आठव्या मजल्यावरच्या आउटडोअर युनिटला बेल्टशिवाय लटकावं लागतं.

यातलं पावसाळ्याचं दुखणं सगळ्यात खोल आहे, म्हणून तिथे थोडं थांबू. एसीचा धंदा मार्च ते जून धो-धो चालतो आणि मग ओसरतो. बऱ्याच कंपन्या सीझनमध्ये मोठा आकडा दाखवतात आणि उरलेले महिने माणसाला जेमतेम पगारावर ठेवतात, किंवा ‘काम आलं की बोलावतो’ म्हणतात. समजा या नाशिकच्या कंपनीत सीझनचे चार महिने २६,००० रुपये आणि उरलेले आठ महिने १५,००० रुपये मिळतात. वर्षाचे झाले २,२४,०००. आता दुसरी रचना पाहा : बारा महिने खात्रीचे २०,००० रुपये, आणि सीझनमध्ये महिन्याला ९० कॉल झाले की पुढच्या प्रत्येक कॉलला १२० रुपये. महिन्याला १३० कॉल करणाऱ्याला चाळीस कॉलचे ४,८०० रुपये वर मिळतात, म्हणजे सीझनचा पगार २४,८००. वर्षाचे होतात २,५९,२००. सीझनचा आकडा थोडा कमी दिसतो, पण ऑगस्टमध्ये घरभाडं आणि मुलांची फी थकत नाही. स्थिरावलेला, तिशीतला, हात बसलेला मेकॅनिक नेमका याच हिशेबाने जागा निवडतो.

मालकाला हे परवडतं का? माणशी वर्षाला ३५,२०० रुपये वाढले, आठ जणांचे २,८१,६००. दुसऱ्या बाजूला गेल्या वर्षी सीझनमध्ये दोन-दोन महिने रिकाम्या राहिलेल्या तीन जागा मांडा. दिवसाला पाच कॉल, कॉलमागे ५०० रुपये मजुरी, महिन्याचे २६ दिवस धरले तर एका माणसाची महिन्याची कमाई ६५,००० रुपये होते. त्यातून त्याचा वाचलेला पगार वजा केला तरी दोन महिन्यांत जागेमागे ७८,००० रुपये हातचे गेले. तिघांचे मिळून २,३४,०००. खाली उरली तूट साधारण ४८,००० रुपयांची. ती वार्षिक देखभाल करारांतून भरून काढता येते. एका यंत्राच्या करारातून साहित्य आणि पेट्रोल जाऊन दीड हजार रुपये सुटत असतील, तर बत्तीस-तेहतीस नवी यंत्रं पुरतात. शिवाय करारातली सफाई आणि तपासणी जुलै ते जानेवारीत आखता येते, त्यामुळे पगार चालू आणि माणूस बसून अशी वेळ येत नाही. माझे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक मालकाने स्वतःचे घालून पाहावेत. पण घालून पाहावेतच. हा कागद मांडल्याशिवाय भरतीवर एक रुपयाही खर्च करू नये असं मला वाटतं.

बाकीच्या तक्रारींवर पैसा कमी लागतो, शिस्त जास्त. पगार सात तारखेला बँकेत जमा झाला पाहिजे; इतक्या लहान आस्थापनेला कायद्यानेही तीच मुदत आहे. नुकसानीपोटी कपात करायची तर आधी त्या माणसाची बाजू ऐकून घ्यावी लागते, हेही कायद्यातच आहे. रिपीट कॉल आला की सरसकट पैसे कापण्यापेक्षा कारण लिहून ठेवणं फायद्याचं : भाग खराब निघाला, निदान चुकलं की जोड गळला? जोड गळत असेल तर माणसाला पुन्हा शिकवायचं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ईएसआय लागू होतो, पण महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनालाच. प्रोत्साहनासकट कोण त्यात बसतो ते सल्लागाराकडून पक्कं करावं, आणि जे बसत नाहीत त्यांच्यासाठी गट अपघात विमा काढावा. भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून सक्तीचा आहे, मात्र त्याहून लहान कंपनीलाही स्वेच्छेने त्यात जाता येतं. अंबडच्या कारखान्याशी माणसांसाठी झुंजायचं असेल तर तो विचार करावाच लागतो.

आणखी एक गोष्ट मालक हमखास विसरतो. नव्या तिघांना जे द्यायचं ते जुन्या आठ जणांना आधी द्यायला हवं. चार वर्षं टिकलेल्या माणसाला नवा आलेला दोन हजारांनी वर बसलेला दिसला, की तो त्याच संध्याकाळी दुसरीकडे फोन लावतो. आणि कंपनीबद्दलची चांगली गोष्ट काउंटरवर सांगणारा माणूसही तोच असतो.

एवढं झालं की जाहिरात लिहायला सोपी जाते, कारण सांगण्यासारखं काहीतरी हातात असतं. ‘आकर्षक पगार’ असल्या शब्दांवर कोणी विश्वास ठेवत नाही. जे पडताळून पाहता येतं तेवढंच लिहावं. आपल्या कंपनीची जाहिरात अशी होईल :

‘नाशिक शहरात एसी टेक्निशियनच्या ३ जागा. बारा महिने खात्रीचा पगार २०,००० रुपये, पावसाळ्यातही. मार्च ते जून महिन्याला ९० कॉलच्या वर प्रत्येक कॉलला १२० रुपये. पेट्रोल किलोमीटरला ४ रुपये, दर शनिवारी. पगार ७ तारखेला बँकेत. गेज, व्हॅक्युम पंप, सेफ्टी बेल्ट कंपनीचे. दिवसाला सहापेक्षा जास्त कॉल देत नाही. सीझनमध्ये रविवारी आळीपाळीने काम असतं, हे आधीच सांगतो. मूळ कागदपत्रं ठेवून घेत नाही. हातचाचणी होईल, चाचणीला येणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसाचे ५०० रुपये.’

रविवारचं वाक्य गाळायचा मोह होतो. गाळू नये. कामाची अवघड बाजू आधी सांगितली तर अर्ज थोडे कमी येतात, पण आलेला माणूस पहिल्या महिन्यात पळत नाही. ‘महिना ४०,००० कमवा’ असं लिहून बोलावलेला माणूस पहिलाच पगार हातात आला की जातो, आणि काउंटरवर जाऊन सगळ्यांना सांगतो.

वेळ कोणती? मार्च नक्कीच नाही. दिवाळीचा बोनस हातात पडेपर्यंत कोणी जागा सोडत नाही. त्यानंतर मात्र हालचाल सुरू होते. म्हणून दिवाळी झाली की पंधरा दिवसांत मोहीम सुरू करावी आणि जानेवारीत माणसं रुजू व्हावीत. मग सीझनच्या आधी आपल्या पद्धती त्यांच्या हाताखालून जातात.

मोहिमेचा सगळ्यात मोठा हिस्सा आपल्याच माणसांच्या ओळखीवर द्यावा. ज्याने माणूस आणला त्याला ५,००० रुपये, पण दोन टप्प्यांत : नवा माणूस महिनाभर टिकला की २,०००, तीन महिने टिकला की ३,०००. सगळे पैसे पहिल्याच दिवशी दिले तर कोणालाही उभं केलं जातं. दुसरं ठिकाण सुट्या भागांची दुकानं. काउंटरजवळ मोठ्या मराठी अक्षरांत छापलेला कागद लावावा, आणि दुकानदाराशी उधारीचे व्यवहार स्वच्छ ठेवावेत, कारण ‘ती कंपनी कशी आहे हो?’ हा प्रश्न त्यालाच विचारला जातो. तिसरं, मोबाइल. ‘अपना’, ‘वर्कइंडिया’ यांसारख्या ॲपवर आणि फेसबुकवर शहरापुरती जाहिरात देता येते. तिच्याबरोबर आपल्याच एखाद्या मेकॅनिकचं चाळीस सेकंदांचं बोलणं जोडावं, त्याच्या परवानगीने, त्याच्या बोलीत, मालकाने लिहून न देता. त्याने आपली टूल बॅग उघडून दाखवली आणि पेट्रोलचे पैसे कसे मिळतात ते सांगितलं तरी पुरे. परदेशी कामगारांचे हेल्मेट घातलेले हसरे फोटो वापरू नयेत. मेकॅनिकला ते परके वाटतात, आणि असतातही.

फोन येतात तेव्हा तो दिवसभर गच्चीवर किंवा कुणाच्या गॅलरीत असतो. बरेच फोन संध्याकाळी सातनंतर येतात. त्या वेळी फोन उचलणारं कोणी नसेल, तर अर्धी मोहीम तिथेच वाया गेली. चुकलेल्या फोनला त्याच रात्री उलट फोन करावा, आणि फोनवरच्या ताईने पगार न लपवता सांगावा. ‘या, मग बोलू’ हे उत्तर ऐकून एका दिवसाची मजुरी बुडवायला कोणी येत नाही. बोलता बोलता एवढं विचारून घ्यावं : आयटीआय केलाय की हाताखाली शिकलाय, इन्व्हर्टरवर काम केलंय का, गाडी आणि लायसन्स आहे का, आणि आमच्याबद्दल कुठून कळलं. शेवटच्या उत्तराची वहीत नोंद ठेवावी. पैसा कुठे कामी आला आणि कुठे वाया गेला, ते महिनाभराने त्या वहीतून दिसतं.

आता हातचाचणी. मुलाखतीत बोलका माणूस पास होतो, आणि हात चांगला असलेला पण बुजरा माणूस मागे पडतो. म्हणून चाचणी यंत्रावर, पाऊण तासाची, आणि सगळ्यांना एकच. तांब्याचा पाइप कापून फ्लेअर काढायला द्यावा. कापल्यावर आतली धार काढताना जाणता माणूस पाइपचं तोंड खाली धरतो, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. ही एक हालचाल पाहिली तरी बरंच कळतं. मग जोड आवळून नायट्रोजनचा दाब द्यायचा आणि साबणाच्या पाण्याने गळती तपासायची. त्यानंतर व्हॅक्युम. पंप लावून मायक्रॉन गेजवर काटा ५०० च्या खाली आणणारा आणि पंप बंद केल्यावर तो तिथेच टिकतो का हे बघत थांबणारा माणूस वेगळा, आणि थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणणारा वेगळा. दुसऱ्याने बसवलेल्या यंत्रात ओल आणि हवा राहते, आणि पुढे कंप्रेसरवर येते.

शेवटी गॅस. इन्व्हर्टर यंत्रात किती गॅस घालायचा ते यंत्राच्या पट्टीवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. तो वजनकाट्यावर मोजूनच भरायचा असतो. नुसता दाब बघून भरणाऱ्याला या यंत्रांची सवय नाही असं समजावं. नव्या यंत्रांत सर्रास सापडणारा आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन, सरळ पेट घेणारा. ‘यात गॅस असताना जोड उघडून ब्रेझिंग करशील का?’ असं विचारावं. ‘आधी गॅस काढून घेईन, नायट्रोजन फिरवेन, मगच ज्योत’ असं म्हणणारा माणूस घ्यावा. ‘होऊन जातं शेठ’ म्हणणारा घेऊ नये, हात कितीही चपळ असला तरी. यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

चाचणी संपली की निकाल त्याच दिवशी सांगावा. नापास झालेल्यालाही काय कमी पडलं ते सांगावं आणि ५०० रुपये हातात द्यावेत. असे चार जण दुसऱ्या दिवशी काउंटरवर आपणहून आपलं नाव चांगलं घेतात, आणि एवढ्या स्वस्तात ही प्रसिद्धी दुसरीकडे मिळत नाही. पास झालेल्याला पगार, तारीख आणि नियम लिहिलेलं मराठी पत्र त्याच संध्याकाळी मिळावं.

मोहीम यशस्वी झाली की नाही, हे किती अर्ज आले त्यावरून ठरवू नये. नव्वदाव्या दिवशी किती जण कामावर आहेत ते मोजावं. समजा साठ फोन आले, वीस जण चाचणीला आले, सहा पास झाले, चार रुजू झाले आणि तीन टिकले, तर या कंपनीचं काम झालं. सहा पास झाले आणि एकच रुजू झाला, तर पत्रातला आकडा किंवा मालकाचं बोलणं यांत काहीतरी खटकलं. रुजू झालेले महिनाभरात गेले, तर जाहिरातीत लिहिलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं जुळलं नाही. पहिल्या महिन्यात मालकाने दर शनिवारी नव्या माणसाजवळ दहा मिनिटं बसावं. पेट्रोल मिळालं का, कॉल कोणत्या भागात पडले, कोणत्या यंत्रावर अडलास. कॉलवाटप फोनवरच्या ताईकडे आणि वहीत उघड लिहिलेलं असेल, तर भाच्याची तक्रारही तिथेच मिटते.

एवढं करूनही काही जण जाणारच. चांगल्या मेकॅनिकला कधीतरी स्वतःचं दुकान हवं असतं, आणि ते हवंच. ही इच्छा गुन्ह्यासारखी वागवणाऱ्या कंपनीत लोक ती लपवतात आणि एप्रिलमध्ये अचानक जातात. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी सांगावं : तीन वर्षं राहिलास तर एका भागातले देखभाल करार तुझ्या नावाने चालवायला देऊ, सुटे भाग आमच्या दरात घे. जाणारा माणूस स्पर्धक होण्याऐवजी जोडीदार होण्याची ही एक शक्यता आहे, आणि जाहिरातीत छापण्यासारखी आहे.

तयार माणसं मात्र शहरात मोजकीच असतात, आणि त्यांना इकडून तिकडे ओढून सगळ्या कंपन्या भरत नाहीत. म्हणून निदान दोन जागा घरी तयार व्हायला हव्यात. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. ॲप्रेंटिस घेणं तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला सक्तीचं आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलतं. सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये आपला मेकॅनिक वर्षातून दोनदा जाऊन इन्व्हर्टरचा पीसीबी उघडून दाखवू लागला, तर निकालानंतर तिथली मुलं आधी या कंपनीचं दार वाजवतील. त्यांना लगेच एकटं कॉलवर पाठवायचं नाही. पहिले सहा महिने जुन्या माणसाबरोबर, आणि शिकवणाऱ्याला महिन्याला ठरावीक भत्ता. तो भत्ता ठेवला नाही तर जुना माणूस पोराच्या हातात पाना देतच नाही, नुसती बॅग उचलायला लावतो, आणि वर्षभराने पोरगा हेल्परच राहिलेला असतो.